हळदीकुंकवाच्या दुपारी वाजवायचं काय? शहापुरातला आमचा अनुभव

यंदा रथसप्तमी रविवारी आली, २५ जानेवारी २०२६ ला. आईनं डिसेंबरातच जाहीर करून टाकलं की संक्रांतीचं हळदीकुंकू त्याच दिवशी करायचं, दुपारी तीन ते सात दार उघडं ठेवायचं आणि बोलावणं नुसतं बायकांना नाही, घरटी सगळ्यांना द्यायचं. आमचं घर बेळगावात शहापूर भागात आहे, जुन्या पद्धतीचं. पुढं ओसरीसारखा सोपा, मधे माजघर, मागं परसू. गल्लीतली, आईच्या भजनी मंडळातली, आम्हा भावांच्या ऑफिसातली माणसं मिळून दीडशेच्या वर जाणार हे उघड होतं. वाण आणि तिळगूळ वहिनीकडं गेलं, खुर्च्या-मांडव थोरल्याकडं, आणि माझ्या वाट्याला आलं ते वाजवायचं खातं. आईची मागणी एवढीच होती: "आल्यागेल्याला प्रसन्न वाटंल असं कायतरी वाजत राहू दे. रडकं नको, आणि वरातीतलं पण नको."

ऐकायला सोपं वाटतं. मलाही तसंच वाटलं होतं. पण मैफल ठरवायची तर माहीतगार माणसं भेटतात, लग्नाचा बँड ठरवायचा तर दर विचारायला दुकानं आहेत. माणसं येत-जात असताना चार तास मागं चालू राहणाऱ्या संगीताबद्दल कुणालाच नीट काही सांगता येत नव्हतं. म्हणून हे लिहून ठेवतोय.

सुरुवात मोबाइलवरच्या यादीपासून झाली. डिसेंबरातल्या एका रविवारी काका-काकू, आत्या वगैरे जेवायला आली होती, तेव्हा मी माजघरात लहान स्पीकर लावून जुनी भावगीतं सोडून दिली. दोन गोष्टी लगेच दिसल्या. गाणं ओळखीचं असलं की आत्या बोलता बोलता थांबायची आणि पुढची ओळ म्हणायला लागायची. छान दिसायचं, पण काका जे सांगत होते ते तिथंच तुटायचं. आणि गाण्यात विरहबिरह आला की चाल कितीही गोड असली तरी टेबलावरचा आवाज खाली यायचा. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "काय लावूलास रे, कोण गेलंय काय?" मग बासरीची एक धून लावली, तर गप्पा पुन्हा सुरू झाल्या आणि पाच मिनिटांनी काय वाजतंय याकडं कुणाचं लक्षही नव्हतं, तरी बंद केल्यावर मात्र सगळ्यांनी वर बघितलं.

हे मी गल्लीपलीकडच्या पेटीवाल्या सरांना सांगितलं. बेळगावात पेटी म्हटलं की रामभाऊ विजापुरे यांचं नाव निघतंच. १९१७ साली जन्मलेले आणि २०१० साली गेलेले रामभाऊ इथं राहून आयुष्यभर पेटी वाजवत आणि शिकवत राहिले, त्यामुळं शहरात पेटी शिकलेल्या माणसांची वाण नाही. आमचे सरही त्याच परंपरेतल्या एकाकडं शिकलेले. ते म्हणाले, कान शब्दाच्या मागं जातो, ते थांबवता येत नाही. समोरचा माणूस बोलतोय आणि मागं गाणारा बोलतोय, म्हणजे एकाच वेळी दोघं बोलतायत. नुसत्या वाद्याला तो त्रास नाही. "शब्द जिथं माणूस थांबणार नाही तिथं ठेवा. दारात, अंगणात. जिथं बसून बोलणार तिथं वाद्य." पुढचं सगळं नियोजन या एका वाक्यावर उभं राहिलं.

दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली ती वेळेची. ही मैफल नाही, त्यामुळं तिला चढत जाणारा आलेख नको. पाहुणा येतो, हळदीकुंकू घेतो, तिळगूळ खातो, चार शब्द बोलतो आणि वीस-पंचवीस मिनिटांत उठतो. तो ज्या वीस मिनिटांत घरात असेल त्या वीस मिनिटांत त्याला सगळा रंग दिसला पाहिजे. म्हणजे साडेतीनला येणाऱ्याला संथ आलाप आणि सहाला येणाऱ्याला द्रुत असं चालणार नाही. आम्ही मग साधारण चाळीस मिनिटांचा एक तुकडा बांधला: मध्य लयीतली एक धून, एक रागातली बंदिश वाद्यावर, पुन्हा धून, मधे एखादं हलकं गाणं. हाच तुकडा राग बदलून दिवसभर फिरवायचा. ताल बहुतेक केरवा आणि दादरा. विलंबित अजिबात नाही, आणि फार जलदही नाही, कारण तबला पळायला लागला की लोक बोलणं सोडून टाळ्या धरतात आणि कुंकवाची रांग अडते. हे शेवटचं तबलजीनं सांगितलं आणि ते अगदी खरं निघालं.

राग निवडताना मला नावांपलीकडं फारसं कळत नव्हतं, पण सरांनी ते घड्याळासारखं समजावलं. तीनच्या सुमाराला वृंदावनी सारंग अजून चालून जातो. पुढं भीमपलास, पटदीप. भीमपलासात गंधार-निषाद कोमल आहेत म्हणून तो उदास होईल अशी मला भीती होती, पण केरव्यात मध्य लयीला तो अगदी घरगुती वाटतो, मराठी कानाला तर फारच ओळखीचा. मधे मधे पिलू, खमाज, मांड आणि पहाडीच्या धुनी, कारण धून म्हणून वाजवताना त्यांना वेळेचं बंधन कुणी फार लावत नाही. अडचण होती ती सहाच्या आसपासची. जानेवारीच्या शेवटी आमच्याकडं साडेसहाच्या आसपास दिवस मावळतो. त्या वेळेचे हक्काचे राग म्हणजे मारवा, पूरिया, पूर्वी. मी विचारलं, मारवा का नको? सरांनी पेटीवर वाजवूनच दाखवला. कोमल रिषभ, पंचम नाहीच, आणि षड्जावर टेकायला तो राग तयार नसतो. ऐकताना सतत काहीतरी राहून गेल्यासारखं होतं. एकट्यानं ऐकायला तो थोर राग आहे, पण दारात आलेल्या माणसाला "बसा" म्हणताना तो उपयोगाचा नाही. म्हणून आम्ही सूर्यास्ताच्या अर्ध्या तासात धुनीच ठेवायच्या आणि अंधारलं की भूप, यमन, हंसध्वनी असं ठरवलं. हंसध्वनी मूळचा कर्नाटक संगीतातला, पाचच स्वर, सगळे शुद्ध. शेजारच्या अज्जींना तो पहिल्या दोन सुरांत ओळखू आला.

या अज्जींचा आणखी एक भाग आहे. आमच्या गल्लीत निम्मी घरं कन्नड बोलणारी. आईचं आणि त्यांचं चाळीस वर्षांचं येणं-जाणं. त्यांनी आईला सरळ विचारलं, "नम्म हाडु इल्लेनु?" आमची गाणी नाहीत का? यादीत आता मराठी किती आणि कन्नड किती असा हिशेब सुरू होणार असं मला वाटलं. पण वाद्यावर तो प्रश्नच निम्मा सुटतो. कन्नड हरिदासांची पदं, लिंगायत संतांच्या वचनांच्या रूढ चाली आणि आमचे अभंग बासरीवर एकामागं एक वाजले तर कुठं काय बदललं ते ओळखणाऱ्यालाच कळतं, आणि ज्याला ओळखतं त्याला आनंद होतो. गायनात मात्र आम्ही मुद्दाम आलटून-पालटून ठेवलं. गाणारी मुलगी खानापूरकडची, दोन्ही भाषांत गाणारी, म्हणून जमलं.

आता परवानगीचं. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत आणि त्यात ध्वनिक्षेपक लेखी परवानगीशिवाय वापरायचा नाही असं आहे. घरच्या आवारातला, दोन लहान स्पीकरचा, दिवसाचा कार्यक्रम आहे तर कशाला, असं मला चौघांनी सांगितलं. पण आमचा सोपा रस्त्याला लागून, दुसऱ्या दिवशी २६ जानेवारी, म्हणून मी अर्ज करायचंच ठरवलं. खरं तर डिसेंबरातच देणार होतो. पण तेव्हा बेळगावातल्या सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन चालू होतं आणि सगळा पोलीस फौजफाटा तिकडं. ठाण्यात मला "संक्रांतीच्या आधी या" एवढंच सांगितलं गेलं. १२ जानेवारीला सोमवारी गेलो. अर्ज कन्नडमध्ये लागतो. माझं कन्नड बोलण्यापुरतं बरं आहे, लिहिण्यापुरतं नाही, तेव्हा अज्जींच्या नातवानं एका बैठकीत लिहून दिला. अर्जात या गोष्टी असल्या की परत यावं लागत नाही: कार्यक्रमाचं कारण, नेमका पत्ता, तारीख, सुरू आणि बंद करायची वेळ, स्पीकर किती आणि किती वॉटचे, जबाबदार माणसाचा मोबाइल, आधारची झेरॉक्स आणि आवाजाची मर्यादा पाळू असं हमीपत्र. शेजारच्या दोन घरांची हरकत नाही अशी सही मी आपणहून जोडली. मागितली नव्हती, पण टेबलावरच्या साहेबांनी तेच पान आधी वाचलं.

पत्र हातात आलं २३ तारखेला, शुक्रवारी संध्याकाळी. मधल्या काळात दोनदा "बंदोबस्ताची गडबड आहे, उद्या या" झालं. त्या दहा-अकरा दिवसांत कलाकारांना आगाऊ रक्कम द्यावी की नाही हे ठरत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर झोप थोडी उडाली होती. माझा सल्ला एवढाच की कलाकार आणि स्पीकर हे दोन व्यवहार वेगळे ठेवा. परवानगी आली नसती तर आम्ही तेच चौघं माजघरात स्पीकरशिवाय बसवणार होतो, आणि तसं त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं.

नियमातली आकडेवारी एकदा समजून घेतली की डोकं शांत राहतं. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५, आणि रात्र धरली जाते दहा ते सहा. खासगी जागेत स्पीकर लावला असेल तर त्या जागेच्या हद्दीवर आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलपेक्षा जास्त वाढता कामा नये. म्हणजे आमच्या फाटकावर ६०. मोबाइलवरचं आवाज मोजायचं अॅप अचूक नसतं, पण फरक कळायला पुरतं. गंमत अशी की काहीही चालू नसताना, नुसत्या दुचाकी जाताना, ते फाटकावर साठीच्या वर उड्या मारत होतं. आम्ही मग गल्ली शांत असतानाचा आकडा धरला आणि त्याच्यावर जेमतेम ऐकू येईल एवढाच आवाज ठेवला.

कलाकार चौघं: पेटीवर आमचे सर, बासरी, तबला आणि गाणारी मुलगी. सनईसाठी आई हट्टाला पेटली होती. सनई दोन पात्यांचं वाद्य, उघड्यावर देवळात वाजवायला घडलेलं. सोप्यात प्रत्यक्ष वाजली तर कुणाला कुणाचं ऐकू जाणार नाही. शेवटी तडजोड अशी की तीन वाजता दार उघडताना पहिली पंधरा मिनिटं रेकॉर्डची सनई, हळू आवाजात, फक्त फाटकाच्या स्पीकरवर. मंगल वाटायला तेवढी पुरते, आणि लग्नघर झालं असं वाटायच्या आत ती थांबते.

कलाकार ठरवताना एक विचारायचं लक्षात ठेवा: कोण कुठल्या पट्टीत, म्हणजे कुठला सूर सा धरून वाजवतो किंवा गातो. मला हे माहीतच नव्हतं. बासरी एकाच पट्टीची असते. आमच्या बासरीवाल्याची रोजची बासरी पेटीवरच्या पांढऱ्या तीनची. गाणारी मुलगी काळी चारमध्ये गाते. पेटीला काही अडत नाही, पण तबला एका सुरात लावलेला असतो, आणि पांढऱ्या तीनवरून काळ्या चारवर न्यायचा म्हणजे दर वेळी हातोडी घेऊन ठोकत बसायचं. पाहुणे बसलेत आणि मधे ठकठक चाललीय हे दृश्य टाळायचं असेल तर तबलजीला दोन तबले आणायला सांगा, दोन्ही आधी लावून ठेवलेले. डग्गा एकच पुरतो. आमच्या तबलजीनं हे स्वतःहून सुचवलं आणि त्याचे जादा काही घेतले नाहीत. बासरीवाला गाण्याच्या वेळी गप्प बसायचा किंवा दुसरी बासरी घ्यायचा.

तालीम शनिवारी २४ ला सकाळी आठला आमच्याच सोप्यात झाली. जानेवारीत बेळगावात सकाळी स्वेटर लागतो आणि दुपारी तीनला घाम येतो. सकाळी पेटी आणि बासरी सुंदर जुळली होती. तरीही बासरीवाला मला बाजूला घेऊन म्हणाला, "उद्या दुपारी हीच जरा वर जाईल बगा. मला सावलीत बसवा." मी कारण विचारलं. हवा तापली की तिच्यातून ध्वनी वेगानं जातो आणि बासरीचा सूर चढतो. पेटीच्या पितळी पात्यांवर तसा परिणाम होत नाही, झालाच तर किंचित उलटा. नंतर मी हिशेब करून बघितला. सुरांचं अंतर मोजायच्या मापात एका अंशाला साधारण तीन सेंट, म्हणजे एका श्रुतीच्या मानानंही थोडंच. पण सकाळ-दुपारचा फरक बारा-तेरा अंशांचा असेल तर चाळीस सेंटच्या आसपास होतो, आणि दोन शेजारच्या सुरांमधलं अंतर शंभर. म्हणजे कुणालाही बेसूर वाटेल इतका. बासरीला तबल्यासारखं ठोकून सूर बदलणं नाही, ट्रम्पेटसारखी सरकनळीही नाही. वाजवणारा फुंकायचं भोक ओठानं थोडं जास्त झाकून सूर खाली आणतो, पण ते दोन तास करत राहणं म्हणजे ओठांचा पिट्ट्या.

तबल्याचं आणखी वेगळं. ऊन लागलं की चामडं सुकून ताणतं आणि तोही चढतो. मांडव दक्षिणेला उघडा होता आणि दुपारचं तिरकं ऊन नेमकं आम्ही ठरवलेल्या बैठकीवर येत होतं. बैठक सोप्याच्या आतल्या कोपऱ्यात हलवली, मागं भिंत, बाजूला जाजमाचा पडदा. दिसायला ती जागा कमी, पण त्या दिवशी पेटी-बासरीचं भांडण झालं नाही ते त्या कोपऱ्यामुळं. त्याच बासरीवाल्यानं किंचित लांब, खालच्या सुराची अशी आणखी एक बासरीही पिशवीत ठेवली होती. दुपारी चारला त्यानं तीच काढली.

स्पीकरवाल्याचा आग्रह होता की एक मोठा लावू, "आवाज भरतोय." आम्ही दोन लहान घेतले, एक फाटकाशी आणि एक माजघराच्या लांबच्या कोपऱ्यात, बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या वर. मोठा एकच लावला की त्याच्याजवळ बसलेली माणसं ओरडून बोलतात आणि लांबच्यांना काहीच ऐकू येत नाही. माइक तीनच: पेटीला एक, बासरीला एक, गाण्याला एक. तबल्याला दिलाच नाही, त्याचा आवाज आपला आपण पोचतो.

प्रत्यक्ष दिवस. पावणेतीनला मोबाइल एअरप्लेन मोडवर टाकला आणि ब्लूटूथ तेवढं चालू ठेवलं, कारण ब्लूटूथवर जोडलेल्या मोबाइलवर फोन आला की त्याची रिंग साऱ्या गल्लीला ऐकू जाते. गाणी आधीच उतरवून ठेवली होती, मधे जाहिरात नको म्हणून. प्लेयरमध्ये सगळ्या गाण्यांचा आवाज सारखा करायची सोय असते ती चालू केली. नाहीतर जुनी रेकॉर्ड हळू वाजते आणि पुढची नवी एकदम अंगावर येते. वीज गेली तर म्हणून मोबाइलचा स्पीकर बॅटरीवर चालणारा होता. गेली नाही.

तीन ते चार गल्लीतल्या वयस्क बायका, शांतपणे, एकेक करत. सनई, मग सारंगातली बासरी, सगळं रेकॉर्डचं. सव्वाचारला कलाकार बसले. पंचवीस मिनिटं वाजवायचं, दहा मिनिटं थांबायचं, थांबल्यावर रेकॉर्ड, असा क्रम. हा क्रम कलाकारांच्या सोयीसाठी ठेवला होता, पण त्याचा दुसराच फायदा झाला. प्रत्येक विश्रांतीत खोलीतला गलका खाली यायचा.

आणि त्याची गरज होतीच, कारण पाचच्या सुमाराला जे व्हायचं ते झालं. साठ-सत्तर माणसं एकदम घरात. बायका रांगेत, पुरुष मांडवात, पोरं सगळीकडं. आवाज वाढला की माणूस नकळत स्वतःचा आवाज वाढवतो. मग मागचं संगीत ऐकू येत नाही. मग कुणीतरी मदत म्हणून बटण फिरवतं. मग सगळे आणखी मोठ्यानं बोलतात. माझा मामेभाऊ मिक्सरपाशी गेलाच. मी आधीच स्पीकरवाल्याच्या पोराला सांगून ठेवलं होतं की आवाज वाढवायला माझ्याशिवाय कुणी सांगितलं तर हो म्हणायचं आणि काही करायचं नाही. त्यानं बटणाला हात लावल्यासारखं केलं आणि मामेभाऊ समाधानानं परत गेला. गर्दीत संगीत बुडालं तर बुडू द्यावं. दहा मिनिटांनी ती लाट ओसरते आणि बासरी पुन्हा वर येते. मी त्या वेळी माजघरात उभा होतो, आणि हळदीकुंकू लावणाऱ्या वहिनीला समोरच्या बाईचं नाव दोनदा विचारावं लागत नाही ना, एवढंच बघत होतो. आकड्यांपेक्षा ही खूण चांगली आहे. दारात स्वागत करणाऱ्या माणसाला नाव दोनदा विचारावं लागलं की आवाज जास्त आहे.

साडेपाचला पुतणीच्या मुलाचं बोरन्हाण होतं. हलव्याचे दागिने घालून त्याला पाटावर बसवलं आणि बोरं, चुरमुरे, गोळ्या ओतल्या की पोरांची झुंबड. इथं मी ठरवलेला सगळा क्रम बाजूला ठेवला. गाणारी मुलगी पुढं आली आणि दादऱ्यात दोन हलकी बालगीतं आणि एक पारंपरिक कन्नड गाणं झालं. या पंधरा मिनिटांत शब्दच हवेत, कारण कुणी बोलत नसतं, सगळे बघत असतात. पेटी जरा जोरात, तबला खुला. टाळ्या पडल्या तर पडू द्यायच्या. अज्जी तिळगुळाऐवजी एळ्ळु-बेल्ल घेऊन आल्या होत्या. पोरांनी दोन्ही खिशात भरलं.

सव्वासहाला प्रत्यक्ष वादन थांबवलं. सरांनी शेवटी ठरल्यापेक्षा थोडा आधीच भूप घेतला, आणि पुढं सातपर्यंत रेकॉर्डचा यमन, हंसध्वनी. नोकरीवाली माणसं आणि उशिरा निघालेले नातेवाईक या तासात आले. यांना प्रत्यक्ष वादन मिळालं नाही, थोडी हळहळ झाली. पण कलाकारांना चार तास बसवायचं म्हणजे दुप्पट माणसं लागतील. सातला पाच मिनिटं कमी असताना आवाज हळूहळू खाली आणून बंद केला. एकदम बंद केलं की बसलेल्या माणसांना उठा म्हटल्यासारखं वाटतं.

खर्च: बासरीचे ३,००० रुपये, तबल्याचे २,५००, गायनाचे २,०००. सरांनी पैसे घेतले नाहीत. शाल, नारळ आणि आईनं केलेले तिळाचे लाडू घेतले. सगळ्यांना आदल्या दिवशी निम्मी रक्कम दिली आणि उरलेली वादन संपल्यावर लगेच, पाकिटात. स्पीकर, छोटा मिक्सर, तीन माइक आणि तो पोरगा मिळून २,५००. झेरॉक्स, अर्जाचं किरकोळ शुल्क आणि रिक्षा धरून एकूण दहा हजारांच्या थोडं वर. फक्त रेकॉर्डवर भागवलं असतं तर स्पीकरभाडं आणि परवानगी एवढ्यातच झालं असतं, आणि वीसेक माणसांच्या घरगुती हळदीकुंकवाला मी तेच सांगेन. त्यासाठी तर भाड्याचा स्पीकरही नको.

कलाकारांच्या चहा-खाण्याची जबाबदारी एका माणसाकडं स्वतंत्र द्या. गडबडीत सगळ्यांना वाटतं दुसऱ्यानं विचारलं असेल. आमच्याकडं ते काम थोरल्याच्या मुलानं घेतलं होतं. बासरीवाल्याला मात्र वादन संपेपर्यंत तिळगूळ देऊ नका, त्यानंच सांगितलं. तिळाचा कण ओठाला चिकटला की फुंक फाटते.

परवानगीचं पत्र त्या दिवसापुरतंच असतं. आईनं आता चैत्रगौरीचं काढलंय, तेव्हा अर्ज पुन्हा नव्यानं करावा लागणार. बासरीवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, एप्रिलात सोप्यात नको, माजघरात बसू, आणि त्यानं आत्तापासूनच आणखी एक खालच्या सुराची बासरी शोधायला घेतली आहे.